आपल्याच बँकेच्या एटीएमवर यूपीआयने पैसे काढले, तरी दर महिन्याला ₹२७.१४ का कापले जातात?

सोलापुरात अशोक चौकाजवळ आमच्या दाजींचं शाळेच्या गणवेशाच्या शिलाईचं छोटं काम आहे. सात-आठ बायका मशीनवर बसतात, दर शनिवारी पगार, तोही रोख. आठवड्याला साधारण वीस हजार लागतात. दाजी कार्ड घरीच ठेवतात, कारण एकदा ते मशीनमध्ये अडकलं होतं आणि तेव्हापासून त्यांचा कार्डावरचा विश्वास उडालाय. एटीएमच्या पडद्यावर क्यूआर उमटतो, तो मोबाइलने स्कॅन करायचा, यूपीआय पिन टाकायचा आणि नोटा घ्यायच्या, ही पद्धत त्यांना फार आवडली. अडचण एवढीच की महिन्याच्या उत्तरार्धात खात्यातून सत्तावीस रुपये चौदा पैसे कापल्याच्या नोंदी यायच्या. एक नाही, चार-पाच-सहा.

"अरे, मशीन आपल्याच बँकेचं. यूपीआयला तर काही पैसे पडत नाहीत. मग हे काय लावलंय?" गेल्या सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांनी मला ऑगस्टचं स्टेटमेंट दाखवलं. मी एका कर सल्लागाराकडे हिशेब लिहितो, त्यामुळे घरातली असली सगळी प्रकरणं माझ्याकडेच येतात. हे सुटायला मला दोन संध्याकाळी लागल्या. नंतर ओळखीच्या तिघांच्या खात्यात तोच प्रकार सापडला, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

दाजींच्या वाक्यात दोन समज आहेत आणि दोन्ही चुकीचे आहेत. आधी यूपीआयचा घेऊ. दुकानदाराला किंवा माणसाला यूपीआयने पैसे पाठवले की आपल्याला काही पडत नाही, हे खरं. पण एटीएमवर यूपीआय फक्त ओळख पटवायचं काम करतं. कार्ड आणि त्याचा पिन यांच्या जागी मोबाइल आणि यूपीआय पिन आले, एवढाच फरक. पुढचा व्यवहार एटीएमच्या नेहमीच्या जाळ्यातूनच होतो. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ मध्ये ही सोय सगळ्या बँकांना खुली करताना लिहिलं होतं की यासाठी वेगळं शुल्क नाही, पण एटीएमच्या व्यवहारांना जे शुल्क ठरलेलं आहे ते लागू राहील. म्हणजे 'यूपीआय आहे म्हणून जादा पैसे नाहीत' असा त्याचा अर्थ होतो. आपण तो 'यूपीआय आहे म्हणून पैसेच नाहीत' असा घेतो. एखादी बँक हे व्यवहार मोजत नसेल किंवा नियमापेक्षा जास्त मोफत देत असेल तर ती तिची खुशी. ते तिच्या शुल्काच्या तक्त्यात पाहावं लागतं.

ठरलेलं शुल्क असं. बचत खात्याला स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला किमान पाच व्यवहार मोफत असतात. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महानगरात तीन आणि इतरत्र पाच. त्यापुढच्या प्रत्येक व्यवहाराला १ मे २०२५ पासून बँक जास्तीत जास्त ₹२३ घेऊ शकते, त्याआधी ते ₹२१ होते. तेवीसवर अठरा टक्के जीएसटी म्हणजे ₹४.१४, एकूण ₹२७.१४. पासबुकात हा आकडा दिसला की तो मोफत संख्या ओलांडल्याचाच आहे हे ओळखायचं, दुसरीकडे शोधत बसायचं नाही.

महानगर म्हणजे इथे मुंबई, नवी दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू आणि हैदराबाद ही सहाच शहरं. आणि खातं कुठल्या शाखेत आहे ते नव्हे, तर मशीन कुठे उभं आहे ते पाहिलं जातं. सोलापुरात पाच. पण आपल्याकडच्या निम्म्या घरांचे पाहुणे हैदराबादला आहेत. तिथे लग्नाला गेलात आणि चारमिनारजवळ परक्या बँकेच्या मशीनवर चौथ्यांदा गेलात, तर खातं सोलापूरचं असूनही शुल्क लागेल. (रस्त्यावर काही मशीनं बँकेची नसतातच, एखाद्या कंपनीची असतात. तीही आपल्यासाठी दुसऱ्याचीच.)

आता दुसरा समज, 'मशीन आपल्याच बँकेचं'. खरी गोम इथे होती आणि मलाही ती लगेच दिसली नाही.

दाजींची दोन खाती आहेत. एक जुनं, ज्या बँकेचं एटीएम त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे. तिला आपण पेठेतली बँक म्हणू. दुसरं खातं नंतर उघडलेलं. शाळा आणि दुकानदार त्यात पैसे टाकतात, म्हणून त्याला धंद्याची बँक म्हणू. दोन्ही बचत खातीच. मोबाइलमधल्या एकाच यूपीआय ॲपला दोन्ही जोडलेली आहेत आणि येणारे पैसे धंद्याच्या बँकेत यावेत म्हणून तेच खातं मुख्य ठेवलेलं आहे.

कार्डाच्या काळात असा गोंधळ होत नव्हता. पेठेतल्या बँकेचं कार्ड तिच्याच मशीनमध्ये घातलं की व्यवहार घरचा, दुसऱ्याच्या मशीनमध्ये घातलं की बाहेरचा. कार्डावर बँकेचं नाव ठसठशीत छापलेलं, हातात घेतलं की दिसायचंच. यूपीआयमध्ये कार्ड नाही. क्यूआर पेठेतल्या बँकेच्या मशीनचा असतो, पण पैसे कुठल्या खात्यातून जाणार हे ॲपमध्ये ठरतं. आणि ॲप न विचारता मुख्य खातं पुढे करतं. दाजी रक्कम पाहायचे, पिन टाकायचे, नोटा घ्यायचे. पिनच्या आधीच्या पडद्यावर खात्याचे शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव बारीक अक्षरात असतं, तिकडे कोण बघतो? म्हणजे पेठेतल्या बँकेच्या मशीनसमोर उभं राहून ते दर शनिवारी धंद्याच्या बँकेतून पैसे काढत होते. धंद्याच्या बँकेच्या दृष्टीने तो दर वेळी परक्या मशीनवरचा व्यवहार.

त्या बँकेला हे फुकटही पडत नाही. मशीन ज्या बँकेचं असेल तिला खातेदाराची बँक प्रत्येक व्यवहारामागे देणं देते. मे २०२५ पासून रोख काढण्याला ₹१९ आणि शिल्लक पाहण्यासारख्या बिनरोख कामाला ₹७. पहिल्या पाच वेळा ती हे स्वतः सोसते, पुढे आपल्याकडून घेते.

दाजींचा ऑगस्ट २०२५ इथे ओळीने मांडतो, म्हणजे मोजणी कशी चालते ते कळेल. त्या महिन्यात शनिवार पाच आले: २, ९, १६, २३ आणि ३०. यूपीआयने एटीएमवर एका वेळी जास्तीत जास्त ₹१०,००० निघतात. काही बँकांनी स्वतःची मर्यादा त्याहून कमी ठेवली आहे आणि दिवसाला दोनदाच काढू देतात. वीस हजारांसाठी दाजींना दर शनिवारी दोनदा स्कॅन करावं लागतं, म्हणजे दोन व्यवहार. २ तारखेचे दोन झाले. ६ तारखेला, बुधवारी, अक्का सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेली होती. धंद्याच्या बँकेचं कार्ड तिच्या पर्समध्ये असतं. एका शाळेचे पैसे आले का ते बघायला तिने वाटेतल्या तिसऱ्याच बँकेच्या मशीनवर शिल्लक तपासली. नोट एक निघाली नाही, तरी हा तिसरा व्यवहार. परक्या मशीनवर शिल्लक पाहणं, छोटं स्टेटमेंट काढणं हे सगळं त्याच पाचांत धरतात. ९ तारखेचे दोन मिळून पाच भरले. १६ तारखेपासून पुढची प्रत्येक खेप पैशाची: १६ ला दोन, २३ ला दोन, ३० ला दोन. सहा गुणिले २७.१४, म्हणजे ₹१६२.८४.

पण स्टेटमेंटवर सहा नव्हे, सात नोंदी होत्या. एकूण ₹१८९.९८.

सातवी कुठली ते शोधताना २३ तारखेची भानगड बाहेर आली. गणपती चार दिवसांवर, बायकांना उचल हवी होती, मशीनपुढे रांग. दाजींनी स्कॅन केलं, पिन टाकला, मोबाइलवर हिरवी खूण आली, पैसे गेल्याचा मेसेजही आला. मशीनने मात्र आतल्या आत खडखड केली आणि व्यवहार रद्द झाल्याचं दाखवलं. नोटा नाहीत. दाजींनी घाबरून पुन्हा दोनदा काढले, ते मिळाले. पहिले दहा हजार सोमवारी, २५ तारखेला, आपोआप खात्यात परत आले आणि दाजी तो विषय विसरले. शुल्काची नोंद मात्र तिन्ही खेपांची पडली होती.

हे चुकीचं आहे. यंत्र बिघडलं, जाळं तुटलं, मशीनमध्ये नोटा नव्हत्या, अशा कारणांनी फसलेला व्यवहार मोजायचाच नाही आणि त्याला शुल्कही लावायचं नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्येच बँकांना बजावलेलं आहे. पिन चुकला तरी तो व्यवहार मोजत नाहीत. खात्यात शिल्लकच नसल्याने नकार आला तर गोष्ट वेगळी. त्याला काही बँका वेगळा दंड लावतात, म्हणून मशीनपुढे उभं राहण्याआधी ॲपमध्ये शिल्लक बघा. तिथे बघितलेली शिल्लक एटीएमच्या मोजणीत येत नाही.

तुमच्याकडेही असं होत असेल तर शोध असा घ्या. ज्या खात्यातून शुल्क गेलं त्याच खात्याचं महिन्याचं स्टेटमेंट काढा, दुसऱ्याचं नको. एक तारखेपासून एटीएमच्या ओळींवर पेन्सिलने आकडे टाका, यूपीआयने काढलेले आणि कार्डाने काढलेले एकाच रांगेत. एकच सवय ठेवा: स्वतःच्या बँकेच्या मशीनवरचे व्यवहार वेगळे आणि दुसऱ्याच्या मशीनवरचे वेगळे मोजा, कारण दोन्हींची मोफत संख्या स्वतंत्र असते. पैसे जाऊन परत आलेली जोडी दिसली की दोन्ही ओळींवर काट मारा. शिल्लक तपासल्याची ओळ स्टेटमेंटवर नसते, कारण पैसे हललेलेच नसतात, म्हणून घरातल्या कार्डवाल्याला विचारावं लागतं. अक्काची बुधवारची खेप मला अशीच कळली, आणि कळेपर्यंत माझा हिशेब एकाने चुकत होता. सहाव्या आकड्यापासून शुल्क सुरू होतंय का ते ताडून पाहा. काही बँका शुल्क लगेच कापतात, काही महिना संपल्यावर एकदम, त्यामुळे कापल्याच्या तारखेवरून अंदाज बांधू नका.

आकडा जुळला नाही तर तक्रार स्वतःच्या बँकेत, म्हणजे जिच्यातून पैसे गेले तिच्यात करायची. मशीनवर नाव दुसऱ्या बँकेचं असलं तरी तिच्या शाखेत जाऊन काही होत नाही. दाजी आधी तिकडेच गेले होते आणि अर्धा तास बसून परत आले. अर्जात व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम, मशीनचं ठिकाण आणि ॲपच्या इतिहासात त्या व्यवहारापुढे दिसणारा बारा आकडी क्रमांक एवढं लिहा. तो क्रमांक दिला की बँकेला शोधायला वेळ लागत नाही. पैसे परत आल्याच्या ओळीभोवती आम्ही पेनाने गोल केला आणि स्टेटमेंटची प्रत जोडली. आठ दिवसांत ₹२७.१४ परत आले. बाकीचे सहा मागितले नाहीत, कारण ते नियमाने बरोबर होते.

नोटा न मिळता गेलेले पैसे आपोआप परत आले नाहीत तर मुदत लक्षात ठेवा. व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेने ते स्वतःहून परत करायचे असतात. दाजींच्या बाबतीत २८ ऑगस्टपर्यंत. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला ₹१०० भरपाई, तीही खातेदाराने मागायची गरज नसताना. यूपीआयने काढलेल्या रोखीलाही हाच नियम आहे. बँकेने तक्रार फेटाळली किंवा तीस दिवस उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, तिची फी नाही. फक्त आधी बँकेत केलेल्या तक्रारीचा क्रमांक हवा, नाहीतर तिथून माघारी पाठवतात.

आता उपाय. मला पहिल्यांदा वाटलं सोपं आहे, पेठेतल्या बँकेचं खातं मुख्य करून टाकू, म्हणजे मशीन खरोखर घरचं होईल. दाजींनाही ते पटलं. पण कागदावर मांडलं तेव्हा लक्षात आलं की याने फारसं काही साधत नाही. घरच्या मशीनवरही मोफत पाचच आहेत, पेठेतली बँक त्यापेक्षा जास्त देत नाही. महिन्याला दहा खेपा तिच्याच खात्यातून केल्या, तर तिथेही सहाव्यापासून शुल्क. खड्डा तोच, फक्त बँक बदलली.

मग उलट विचार केला. ज्या गोष्टीने घोटाळा केला, तिनेच तो मिटतो. मशीन एकच, पण ॲपमध्ये खातं आपण निवडतो. पहिल्या स्कॅनला पेठेतलं खातं निवडायचं, तो घरच्या मशीनवरचा व्यवहार. दुसऱ्या स्कॅनला धंद्याचं खातं, तो परक्या मशीनवरचा. पाच शनिवारांचा महिना असला तरी घरचे पाच आणि बाहेरचे पाच, दहाही मोफत. मात्र त्या पाचांतून एकही वाया जाता कामा नये, म्हणून अक्काने शिल्लक ॲपवरच बघायची. पेठेतल्या खात्यात दर शुक्रवारी धंद्याच्या खात्यातून दहा हजार यूपीआयने पाठवून ठेवायचे, त्याला काही लागत नाही.

निवडायचं कसं? क्यूआर स्कॅन झाल्यावर पिनच्या आधी जो पडदा येतो, त्यावर खात्याच्या नावाला बोट लावलं की दुसरी खाती खाली उघडतात. घाई मात्र लागते, कारण एटीएमचा क्यूआर थोड्याच सेकंदांत मरतो. मोबाइलला डेटा हळू मिळाला किंवा तुम्ही खातं शोधत बसलात, तर व्यवहार रद्द होतो आणि पुन्हा रक्कम टाकण्यापासून सुरुवात. दाजींचं पहिल्या शनिवारी दोनदा असंच झालं. म्हणून मशीनवर रक्कम टाकण्याआधीच ॲप उघडून स्कॅनरपर्यंत आणून ठेवायचं, मोबाइलला रेंज आहे ना ते दाराशीच बघायचं. ॲपने क्यूआर ओळखलाच नाही, तर ते ॲप किंवा त्या खात्याची बँक अजून या सोयीत नाही. दुसऱ्या ॲपने, उदाहरणार्थ भीमने, एकदा करून पाहा. आणि काही बँकांच्या स्वतःच्या ॲपमधली बिनकार्डाची सोय वेगळी असते. तिच्यात क्यूआर नसतो, ॲप एक क्रमांक देतं आणि तो मशीनवर टाकायचा असतो. ती बहुतेक त्याच बँकेच्या मशीनवर चालते. परक्या मशीनपुढे ती वापरायला गेलात तर अडकाल.

एक सावधगिरी राहिली. एटीएमचा क्यूआर जो स्कॅन करतो त्याच्या खात्यातून पैसे जातात आणि नोटा मशीनपुढे उभ्या असलेल्याला मिळतात. कोणी व्हिडिओ कॉलवर पडदा दाखवून 'हे जरा स्कॅन करा' म्हणालं, तर ते तुमचे पैसे घेऊन जाणार हे समजा. मशीनच्या अंगावर चिकटवलेल्या कागदी क्यूआरलाही हात लावू नका. खरा क्यूआर पडद्यावरच, रक्कम टाकल्यावर येतो.

एवढं सगळं करायचं नसेल तर आणखी एक मार्ग आहे, आणि खरं सांगायचं तर मला तोच जास्त आवडतो. घरच्या बँकेच्या मशीनवर तिच्याच कार्डाने वीस हजार एकदम निघतात, कार्डाची दिवसाची मर्यादा तेवढी असली म्हणजे झालं. आठवड्याला एक व्यवहार, पाच शनिवारांना पाच, संपलं. दाजींना हे मी दोनदा सांगितलं. "ते अडकलेलं कार्ड मला चार दिवस मिळालं नव्हतं, तू विसरलास काय," म्हणाले आणि विषय बंद.

सप्टेंबरमध्ये शनिवार चारच होते. आठ खेपा झाल्या, चार या खात्यातून, चार त्या. महिनाअखेरीस दोन्ही स्टेटमेंटं तपासली, शुल्काची एकही ओळ नव्हती. मोबाइलच्या मागच्या बाजूला दाजींनी आता पांढरी पट्टी चिकटवली आहे. तिच्यावर पेनाने लिहिलंय: 'पहिलं पेठ, दुसरं धंदा.'